स्मरणिकेच्या वाढीव कामाबाबत विनंती आणि खर्चाचा अंदाज

पुणे, ६ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. सचिव,
सुवर्णमहोत्सव स्मरणिका समिती

विषय : १२ जून रोजी ठरलेल्या कामात झालेली वाढ, त्याचे शुल्क आणि नवे वेळापत्रक

आदरणीय पाटील सर,
सप्रेम नमस्कार.

निमंत्रणपत्रिका आणि व्यासपीठामागचा फ्लेक्सही मीच करावा, असे आपण काल फोनवर म्हणालात. समितीचा माझ्या कामावर विश्वास आहे याचा खरोखर आनंद वाटला. दोन्ही कामे मी आवडीने करीन. मात्र जूनमध्ये जे ठरले होते त्याच्या मानाने काम आता बरेच वाढले आहे. त्याचा हिशेब शेवटच्या बिलात एकदम समोर येण्यापेक्षा आत्ताच लेखी मांडलेला बरा, म्हणून हे पत्र.

१२ जूनला आपले असे ठरले होते : आतली ९६ पाने, एकरंगी, दर पानाला ₹ ४००, मुखपृष्ठ व मलपृष्ठ मिळून ₹ ९,६००, एकूण ₹ ४८,०००. मजकूर युनिकोडमध्ये टाइप होऊन येईल आणि दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या होतील, हेही त्यात होते. त्यापैकी ₹ २४,००० आगाऊ मिळाले आहेत आणि या कामाच्या शुल्कात काहीही बदल नाही.

आज हातात असलेला सगळा मजकूर लावला की ११८ पाने होतात. यात शाखांचे अहवाल आणि जुन्या छायाचित्रांची १६ रंगीत पाने आली. इथे एक अडचण आहे. प्रेसमध्ये पुस्तक १६ पानांच्या फॉर्ममध्ये छापले जाते, त्यामुळे ११८ पानांचे पुस्तक छापायचे तर आठवा फॉर्म घ्यावा लागेल आणि त्यातली १० पाने कशाने तरी भरावी लागतील. माझा सल्ला ११२ पानांचा आहे. सहा पाने कमी करणे फारसे अवघड नाही. तीन शाखांच्या अहवालांत ठेवींचे तेच तक्ते पुन्हा आले आहेत, ते एकत्र केले तर चार पाने सहज वाचतात. आठव्या फॉर्मचा कागद आणि छपाईही त्याबरोबर वाचेल. जाहिराती भरपूर येणार असतील तर १२८ पाने करायलाही माझी हरकत नाही, पण तो निर्णय समितीचा.

मजकुराबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण माझा सर्वाधिक वेळ तिथेच जातो. सात लेख हस्तलिखिताचे मोबाइलवर काढलेले फोटो म्हणून आले आहेत, एकूण ३० पाने. ते टाइप करावे लागतील. चार शाखांचे अहवाल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. ते बदलून घेता येतात, पण बदलताना रफार आणि अनुस्वार उडतात. कालच एका अहवालात ‘कर्ज’चे ‘कज’ झालेले अकरा ठिकाणी सापडले. पतसंस्थेच्या स्मरणिकेत असा शब्द छापून जाणे मला अजिबात चालणार नाही, म्हणून असा प्रत्येक अहवाल मूळ प्रतीशी ओळन्‌ओळ ताडून पाहावा लागतो.

दुरुस्त्यांच्या दोन्ही फेऱ्या २९ जुलैला सहीसह पूर्ण झाल्या. त्यानंतरही व्हॉट्सॲपवर वेगवेगळ्या सदस्यांचे निरोप येत आहेत. पान ४१ वरच्या संचालकांच्या यादीसाठी एकांनी ज्येष्ठतेचा क्रम सांगितला आणि तासाभरात दुसऱ्यांनी आडनावांचा. दोघांचाही हेतू चांगलाच आहे, पण एक ओळ वाढली की पुढचे शीर्षक सरकते, छायाचित्र पुढच्या पानावर जाते आणि अनुक्रमणिकाही बदलते. तेव्हा तिसरी फेरी एकदाच करू. सर्व सदस्यांच्या दुरुस्त्या एकाच छापील प्रुफावर लाल शाईने एकत्र करून ते प्रूफ आपल्या सहीने माझ्याकडे यावे, ही विनंती. इतर मार्गांनी आलेल्या सूचना मी आपल्याकडे पाठवीन, परस्पर बदल करणार नाही.

छायाचित्रे एकूण ४२ आहेत. १९७५ च्या पहिल्या सभेचा फोटो घडीवर फाटला आहे आणि ती घडी नेमकी संस्थापकांच्या चेहऱ्यावरून गेली आहे. तो नीट करायला वेळ लागेल, पण तो स्मरणिकेत हवाच, असे माझे स्पष्ट मत आहे. या ४२ फोटोंच्या मूळ प्रती कुणाबरोबर तरी माझ्याकडे पाठवाव्यात, मी स्कॅन करून परत करीन. व्हॉट्सॲपवरून साधे पाठवलेले फोटो आकाराने लहान होतात आणि छपाईत पुसट दिसतात.

वाढीव कामाचे शुल्क, ११२ पाने धरून :

वाढीव १६ पानांची मांडणी, दर पानाला ₹ ४०० – ₹ ६,४००
हस्तलिखित ३० पानांचे टायपिंग, दर पानाला ₹ ६० – ₹ १,८००
चार अहवालांचे फॉन्ट बदलणे व ताडून पाहणे – ₹ १,५००
दुरुस्त्यांची तिसरी फेरी, पूर्ण पुस्तक – ₹ २,५००
४२ फोटो स्कॅन करून स्वच्छ करणे, प्रत्येकी ₹ १५० – ₹ ६,३००
निमंत्रणपत्रिका ₹ २,००० आणि फ्लेक्स ₹ २,५०० – ₹ ४,५००

वाढीव एकूण ₹ २३,०००. मूळ रकमेसह ₹ ७१,०००.

१२८ पाने ठरली तर यात आणखी ₹ ६,४०० मिळवावेत. छपाई, कागद आणि फ्लेक्सचा छपाईखर्च यात धरलेला नाही. रंगीत फॉर्मचा वेगळा दर प्रेसकडून आधी लेखी घ्यावा. मुखपृष्ठाचा तिसरा नमुना आणि अध्यक्षांच्या मनोगताचे बदललेले पान मी आधीच करून दिले आहे, त्याचे वेगळे काही घेणार नाही. माझी वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत आहे आणि जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे वर कर लागणार नाही. एकूण रक्कम आता ५०,००० च्या पुढे जाते आहे, तेव्हा टीडीएसबद्दल आपल्या सीएंना एकदा विचारून घ्यावे. पॅन क्रमांक बिलावर असेल.

आता वेळेबद्दल. मूळ ठरल्याप्रमाणे २५ ऑगस्टला फाइल प्रेसकडे जायची होती. वाढीव कामासह ती ८ सप्टेंबरला जाईल. २७ ऑगस्टला गणपती बसतात आणि प्रेसमधले बरेच कामगार गावी जातात, त्यामुळे मधल्या काळात तिथे फारसे काम होत नाही. प्रेसशी मी बोलले आहे. ८ सप्टेंबरला फाइल मिळाली तर छपाई आणि बांधणी २५ सप्टेंबरपर्यंत होईल, म्हणजे २ ऑक्टोबरला दसऱ्याच्या प्रकाशनाला प्रती हातात असतील. त्याच सुमारास आपली वार्षिक सभाही असते, म्हणून यापेक्षा उशीर आपल्यालाच जड जाईल.

त्यासाठी ११ ऑगस्टपर्यंत आपले उत्तर हवे आहे. पाने ११२ की १२८ आणि वरीलपैकी कोणती कामे करायची, एवढे याच ईमेलवर कळवावे. एखादे काम नको असेल तर तसे लिहावे, तेवढी रक्कम कमी होईल. फ्लेक्स आपल्या गावातल्या फ्लेक्सवाल्याकडून करून घेतला तर कदाचित स्वस्तही पडेल. मान्यतेबरोबर वाढीव रकमेची निम्मी रक्कम, म्हणजे सर्व कामे ठेवल्यास ₹ ११,५००, खात्यावर जमा करावी. उरलेली रक्कम मूळ शिलकीसह फाइल प्रेसकडे जाण्याआधी द्यावी.

आपले उत्तर येईपर्यंत मूळ ९६ पानांचे काम थांबणार नाही. वाढीव कामांना मात्र मान्यता आल्यावरच हात लावीन. समितीच्या बैठकीत याबद्दल काही विचारायचे असेल तर शनिवारी दुपारी चारनंतर मी फोनवर आहे.

कळावे,
आपली नम्र,
मेघना
पुस्तक मांडणी व मुखपृष्ठ