एप्रिलची पेस्लिप आणि १,०१,३३५ चा हिशोब

पेस्लिप: एप्रिल २०२५
लोकेशन: मुंबई

बेसिक: ५७,५००
एचआरए: २८,७५०
स्पेशल अलाउन्स: २८,७५०
ग्रॉस: १,१५,०००

पीएफ: ६,९००
इन्कम टॅक्स (न्यू रेजीम): ६,५६५
प्रोफेशन टॅक्स: २००
एकूण कपात: १३,६६५

नेट पे: १,०१,३३५

अरे तुझा स्क्रीनशॉट लोकलमध्येच झूम करून बघितला, घाबरू नकोस, कोणी तुझे पैसे खाल्लेले नाहीत. तू १५ लाखांना १२ ने भागून सव्वा लाख धरून बसलायस, घोळ तिथेच झालाय. ऑफर लेटर परत काढ, सीटीसी १४,९५,९९२ आहे म्हणजे महिन्याला १,२४,६६६, आणि त्यात कंपनी तिच्या खिशातून भरते तो पीएफ ६,९०० आणि ग्रॅच्युइटीचे २,७६६ पण धरलेत. ते ग्रॉसमध्ये येतच नाहीत.

आता पीएफ. बेसिकचे १२ टक्के तुझे गेले, तेवढेच कंपनीचे आले. तुझी पहिली नोकरी १४ हजार बेसिकची होती ना, तेव्हापासून तू पेन्शनचा मेंबर आहेस, म्हणून कंपनीच्या वाट्यातले १,२५० पेन्शनला जातात आणि बाकी १२,५५० दर महिन्याला तुझ्याच पीएफ खात्यात पडतात. पासबुक उघडून जमा झालेत का ते मात्र नक्की बघ, हे मी सगळ्यांना सांगते, आमच्या अकाउंट्समध्ये पण कोणी स्वतःहून बघत नाही.

टॅक्स ६,५६५ कसा तर वर्षाचे १३,८०,०००, त्यातून स्टँडर्ड डिडक्शन ७५,००० गेलं की उरले १३,०५,०००, त्यावर ७५,७५० टॅक्स, वर ४ टक्के सेस, झाले ७८,७८०, भागिले १२. बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही हे तू ऐकलंस ते खरंय पण तू त्याच्या वर गेलास की पहिल्या चार लाखांनंतर सगळे स्लॅब लागतात. आणि भाड्याच्या पावत्या दिल्या तर कमी होईल का म्हणालास, तर न्यू रेजीममध्ये एचआरएची सूट नाही. मी ओल्डने पण करून बघितलं, आत्ताचं २४ हजार भाडं आणि पीएफ दोन्ही धरूनही टॅक्स सव्वा लाखाच्या आसपास जातो, तेव्हा आहे तेच राहू दे.

प्रोफेशन टॅक्स महाराष्ट्राचा, फेब्रुवारीत तो ३०० कापतील, तेव्हा परत मेसेज करू नकोस.

कांदिवलीच्या त्या ३८ हजारवाल्या फ्लॅटचं टोकन अजून दिलं नसशील तर ब्रोकरला दोन दिवस थांबव. सव्वा लाखावर मांडलेलं तुझं बजेट १,०१,३३५ वर परत मांडू, आईला दर महिन्याला पाठवायचे ते आधी बाजूला काढून. रात्री जेवण झालं की फोन करते.