वैशालीताई आणि श्रेया, घर तुमचंच समजा

वैशालीताई,

लातुरात मनापासून स्वागत. तुम्ही पोचाल तेव्हा मी औशाला असेन, म्हणून हे सगळं लिहून ठेवते. माठ धुऊन भरून ठेवलाय. चहा-साखर कट्ट्यावरच्या स्टीलच्या डब्यांत आहे, दूध फ्रिजमध्ये. आधी चहा घ्या, मग हा कागद वाचा.

तुम्ही मिरजेच्या आहात हे कळलं तेव्हाच मी ठरवलं होतं की घर तुम्हालाच द्यायचं. 2016 च्या उन्हाळ्यात तुमच्याकडचं पाणी रेल्वेनं आमच्याकडे आलं. 12 एप्रिलला पहिली गाडी आली, तिला दहा टँकर होते. त्या दिवसांत आम्ही भाजी धुतलेलं पाणी झाडांना आणि लादी पुसलेलं संडासात वापरायचो. तुमच्या गावचं पाणी प्यायलेलं हे घर आहे. म्हणून इथलं पहिलं पान पाण्याचंच.

पाणी

आपल्या गल्लीत सध्या सहा दिवसांनी नळाला पाणी सुटतं, पहाटे साधारण पाचला, तासभर. दिवस मागंपुढं होतो. आदल्या संध्याकाळी शेजारच्या शोभाताई कुंपणावरून हाक देतात. नळ सुटला की पहिली पाच मिनिटं पाणी गढूळ येतं. ते बादलीत धरून जास्वंदीला घाला. मग हौदाचा कॉक उघडा. हौद दोन हजार लिटरचा आहे, भरला की आतला बॉल आपोआप पाणी बंद करतो. झाकणाला कुलूप आहे, किल्ली दारामागच्या खिळ्यावर. झाकण कधीही उघडं ठेवायचं नाही, गल्लीतली लेकरं अंगणात खेळायला येतात.

हौदातून गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत पाणी चढवायला मोटार आहे, जिन्याखाली. टाकी भरायला अर्धा तास लागतो. मोटार लावण्याआधी हौदात पाणी आहे का ते डोळ्यांनी बघा. गेल्या वर्षी मी मोटार लावून देवपूजेला बसले. हौद कोरडा होता. वास आला तेव्हा पळाले, पण वाइंडिंग जळून गेलं होतं. तेव्हापासून मोटार चालू असताना मी जिन्यापाशीच गहू निवडत बसते. तुम्ही मोबाईलवर गजर लावा. मोटार नुसती गुरगुरतेय आणि पाणी चढत नाही, तर तिनं हवा धरलीय. बंद करा आणि वरच्या बुचातून तांब्याभर पाणी घालून पुन्हा लावा. नळाच्या लाइनीला थेट मोटार मात्र कुणी सांगितलं तरी लावायची नाही. आपण ओढलं की गल्लीच्या टोकाच्या घरांना थेंब मिळत नाही.

जपून वापरलं तर दोघींना दिवसाला दोनशे लिटर पुरतं. पाण्याची एक पाळी चुकली तरी निभावतं, लागोपाठ दोन चुकल्या तर टँकर सांगावा लागतो. त्याचे पैसे अर्धे मी देईन. फिल्टरमधून वाया जाणाऱ्या पाण्याची नळी मी बादलीत सोडलीय. ते पाणी लादीला आणि भांड्यांच्या पहिल्या हाताला वापरा. पावसाळ्यात पिण्याचं पाणी फिल्टर असला तरी उकळून घ्या.

कचरा

घंटागाडी सकाळी साडेसात-आठच्या सुमारास येते, रविवारी बहुधा नाही. हिरवा डबा ओल्याचा, निळा सुक्याचा. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, वर लाल पेनानं खूण करून वेगळे द्या. गाडीवरच्या बायका कचरा हातानं निवडतात, त्यांच्या हाताला ते लागू नये. फुटलेली काचही तशीच, जाड पुठ्ठ्यात बांधून. भाजीची देठं आणि चहाचा चोथा मागच्या माठात टाकलात तर खत होतं, श्रेयाला वेळ असेल तर तिला आवडेल. मोकळ्या प्लॉटवर कचरा टाकू नका, तिथं डुकरं आणि कुत्री जमतात.

वीज आणि उपकरणं

मेन स्विच दारामागं. प्रत्येक बटणाखाली मी नाव चिकटवलंय. संध्याकाळी व्होल्टेज कमी होतं, फ्रिजला स्टॅबिलायझर आहे, तो काढू नका. वीज येऊन-जाऊन करत असेल तर फ्रिजचं बटण बंद करून दहा मिनिटांनी लावा. इन्व्हर्टरवर दोन पंखे, तीन दिवे आणि श्रेयाच्या टेबलाचा प्लग चालतो. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर दर दोन महिन्यांनी मी येऊन घालते, तुम्ही हात लावू नका.

कूलरचं मात्र लक्ष देऊन वाचा. त्याची बॉडी पत्र्याची आहे. पाणी भरताना आधी प्लग काढायचा, पायात चप्पल हवी आणि हात कोरडे. आमच्या नात्यातलं एक माणूस चालू कूलरला ओल्या हातानं शिवलं आणि गेलं. तेव्हापासून या घरात अर्थिंग दरवर्षी तपासून घेते. गवताचे पडदे यंदाच बदललेत.

गिझरचं बटण आंघोळीला शिरण्याआधी बंद करा. पाणी जड आहे, नळाच्या जाळीला पांढरी खपली धरते. जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली की सुटते. वॉशिंग मशीनला एका वेळी भरपूर पाणी लागतं, म्हणून कपडे साठवून पाणी सुटेल त्याच दिवशी लावा.

अडचण आली तर

कशासाठीही 112. अॅम्ब्युलन्स 108, आग 101, गॅसचा वास आला तर 1906, वीज गेली किंवा तार तुटली तर 1912, महिलांसाठी 181. गॅसचा वास आला की रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडा, कुठलंच बटण दाबू नका आणि फोन बाहेर जाऊन करा.

पावसाळ्यात अंगणात साप निघतात, रात्री बॅटरीशिवाय मागं जाऊ नका. चावलाच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही. तो हात किंवा पाय हलू न देता थेट शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यायचं.

30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीच्या भूकंपात आमचं औशाचं घरही हललं होतं. म्हणून इथं पलंगांच्या वर मी फळी ठेवलेली नाही. तुम्हीही तिथं जड पेट्या रचू नका.

आणि वैशालीताई, एक नंबर श्रेयाच्या टेबलाला मी मुद्दाम चिकटवलाय, 14416. मनावर ताण आला तर तिथं दिवसरात्र फुकट बोलता येतं. नीटची तयारी करणारी कितीतरी लेकरं या गल्लीत राहून गेली. मार्क कमी पडले की ती जेवण सोडतात, आणि आपल्याला वाटतं अभ्यासात आहेत. तिनं ताट परत पाठवलं तर विचारा. मलाही फोन करा, मी येऊन बसेन तिच्याजवळ.

प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि टँकरवाल्याचे नंबर स्वयंपाकघराच्या कपाटाच्या दाराआत पुठ्ठ्यावर आहेत. माझा तुमच्याकडे आहेच, रात्री-अपरात्रीही उचलते. औशाहून यायला अर्धा-पाऊण तास लागतो. तोवर शोभाताईंना हाक मारा, दुसरी किल्ली त्यांच्याकडे आहे.

पुढचं पाणी गुरुवारी पहाटे आहे. मी बुधवारी रात्री मुक्कामालाच येते, पहिल्या वेळी आपण दोघी मिळून हौद भरू.

तुमची,
कुसुमकाकू