सायंकाळी ५ नंतरच्या मागण्यांना आपोआप मंजुरी का मिळत नाही?

नमस्कार,

सोमवारपासून अनेकांचे फोन येत आहेत. संध्याकाळी भरलेली खरेदीची मागणी सकाळपर्यंत ‘प्रलंबित’च दिसते, पूर्वी ती पाऊण तासात मंजूर व्हायची, प्रणाली बिघडली का? बिघडलेली नाही. आम्हीच हा बदल केला आहे. तो करण्याआधी तुम्हाला कळवायला हवे होते, ते राहून गेले. त्याबद्दल दिलगीर आहोत.

ठरावीक मर्यादेच्या आतल्या मागण्यांना आपोआप मंजुरी देणारी फेरी दर पंधरा मिनिटांनी चालते. मागणी ज्या खर्चशीर्षाखाली आहे, तिथे शिल्लक आहे की नाही हे ती पाहते आणि असेल तर मंजुरी देते. ही शिल्लक आमच्याकडे नसते, ती लेखा विभागाच्या प्रणालीतून येते. दिवसभर हिशेब चोख राहतो, कारण मंजुरी दिल्याबरोबर तिकडची शिल्लक तेवढी कमी होते. पण लेखा विभाग साडेपाचला दिवस बंद करतो. त्यानंतर आमच्या मंजुऱ्या तिकडे नुसत्या रांगेत थांबतात, आणि आम्हाला दिसणारा शिल्लकीचा आकडा सकाळपर्यंत जागचा हलत नाही.

घोळ इथेच होत होता. समजा, एका शीर्षाखाली १०० शिल्लक आहेत. सहाला एकाने ७० ची मागणी भरली, ती मंजूर झाली. सातला त्याच विभागातल्या दुसऱ्याने ६० ची भरली. फेरीला अजून १००च दिसतात, म्हणून तीही मंजूर. सकाळी रांगेतल्या नोंदी चढल्या की शिल्लक उणे ३०. मग लेखा विभागाचा फोन यायचा आणि दोहोंपैकी एक मंजुरी मागे घ्यावी लागायची. तोवर कोणी पुरवठादाराला होकार कळवून बसलेले असायचे. दिलेली मंजुरी काढून घेण्यापेक्षा ती उशिरा दिलेली बरी, असे आमचे मत झाले.

म्हणून आता ५ वाजता किंवा त्यानंतर दाखल झालेली मागणी फेरी वगळते. ती नाकारलेली नसते आणि रांगेतला तिचा नंबरही जात नाही. पुढच्या कामाच्या दिवशी सकाळी ८ पर्यंत नवी शिल्लक येते आणि साडेआठच्या पहिल्या फेरीत आदल्या संध्याकाळच्या मागण्या दाखल झाल्या त्याच क्रमाने आधी घेतल्या जातात. त्या दिवशीच्या नव्या मागण्या त्यांच्यानंतर. सुटीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी भरलेली मागणी अर्थातच सुटी संपेपर्यंत थांबेल.

दिवस साडेपाचला बंद होतो, मग वेळ ५ ची का, असेही काहींनी विचारले. चार एकोणसाठला आलेली मागणी सव्वापाचच्या फेरीपर्यंत हातावेगळी होऊन तिची नोंद साडेपाचच्या आत तिकडे पोचावी, यासाठी हा अर्धा तास मोकळा ठेवला आहे. म्हणजे फेरी कधी चालली ते पाहिले जात नाही, मागणी कधी दाखल झाली तेच पाहिले जाते. वेळ आमच्या सर्व्हरच्या घड्याळाची धरली जाते. तुमच्या संगणकाचे घड्याळ दोन मिनिटे मागे असेल तर त्याचा उपयोग नाही. मसुदा दुपारी जतन केला पण ‘दाखल करा’ हे बटण सव्वापाचला दाबले, तर वेळ सव्वापाचचीच.

यात फसण्यासारखी एक जागा आहे. साडेचारला दाखल केलेली मागणी तुम्ही दुरुस्तीसाठी परत घेतली आणि ५ नंतर पुन्हा दाखल केली, तर दुसरी वेळ धरली जाते. नुसते संख्येतले एक शून्य सुधारायचे असले तरीही. त्यामुळे दुरुस्ती ५ च्या आत उरकता येत नसेल आणि ती किरकोळ असेल, तर मागणी तशीच राहू द्या आणि मंजुरीनंतर दुरुस्ती-नोंद जोडा. रक्कम बदलणार असेल तर मात्र मागे घेऊनच दुरुस्त करा.

मागणी अडकली असे वाटून तीच पुन्हा भरू नका, ही कळकळीची विनंती. या आठवड्यात काहींनी तसे केले. सकाळी दोन्ही मंजूर झाल्या आणि आता एकेक जण त्या हाताने रद्द करत बसला आहे.

खरोखर तातडीचे असेल तर विभागप्रमुख ५ नंतरही स्वतः मंजुरी देऊ शकतात, तो मार्ग बंद केलेला नाही. फक्त पडद्यावरची शिल्लक त्या वेळी जुनी असते हे त्यांनी ध्यानात घ्यावे आणि त्याच शीर्षाखाली त्या संध्याकाळी आणखी काय प्रलंबित आहे ते यादीत पाहून मगच मंजुरी द्यावी.

‘प्रलंबित’ या शब्दाने गोंधळ होतो, हे आम्हालाही पटले आहे. पुढच्या आठवड्यापासून अशा मागण्यांपुढे ‘सकाळच्या फेरीत’ असे दिसेल. सकाळी ९ नंतरही एखादी मागणी हललेली नसेल, तर तिचा क्रमांक घेऊन मदतकक्षाला जरूर कळवा.

– खरेदी प्रणाली गट