तक्रार क्र. ५०४१८८२७: फ्रिज ३३ दिवस बंद, उत्तर नाही, वरिष्ठांनी लक्ष घालण्याबाबत

दि. ४ जून २०२५

प्रति,
मा. विभागीय सेवा व्यवस्थापक,
पुणे विभाग

महोदय,

९ नोव्हेंबर २०२४ रोजी घेतलेला आपल्या कंपनीचा फ्रिज २ मेपासून बंद आहे. पूर्ण वॉरंटी एक वर्षाची असून ती अजून चालू आहे. कस्टमर केअरकडून काहीच हालचाल नाही, म्हणून थेट आपल्याला लिहीत आहे.

२ मे रोजी तक्रार नोंदवली (क्र. ५०४१८८२७). ५ मे रोजी तंत्रज्ञ आले. गॅस लीक आहे, मागची कॉइल बदलावी लागेल, असं त्यांनी सांगितलं. निघताना म्हणाले, "मॅडम, मोबाइलवर ओटीपी आलाय तो द्या, त्याशिवाय पार्ट मागवता येत नाही." मी दिला. पाच मिनिटांत मेसेज आला: 'आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे.' फ्रिज तेव्हाही बंदच होता आणि तंत्रज्ञ अजून जिन्यातच होते! हाक मारली, तर "ते सिस्टिममध्ये तसंच दाखवतं" म्हणाले.

पार्ट काही आला नाही. १४ मे रोजी फोन केला, तेव्हा जुनी तक्रार 'बंद' असल्याने नवीन नोंदवावी लागली (क्र. ५०४३६१०९). म्हणजे पहिले बारा दिवस आपल्या हिशेबात नाहीतच. २१ मे रोजी सेवा विभागाला ईमेल केला. ४८ तासांत संपर्क करू, असं आपोआप येणारं उत्तर आलं, त्यानंतर कोणीही संपर्क केला नाही. २८ मे रोजी कॉल सेंटरने 'पार्ट उपलब्ध नाही' एवढंच सांगितलं. कधी येणार, ते त्यांनाही माहीत नाही.

माझ्या सासूबाईंचं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. महिनाभर ते शेजारच्या फ्रिजमध्ये आहे आणि रोज दोनदा त्यांची बेल वाजवावी लागते. दुधाचं, भाजीचं जाऊ द्या, ते निभावून नेता येतं.

माझी मागणी अशी: ११ जूनपर्यंत फ्रिज दुरुस्त करून द्यावा. पार्ट मिळणारच नसेल तर त्याच क्षमतेचा नवीन फ्रिज द्यावा किंवा बिलाची पूर्ण रक्कम, ₹२८,४९०, परत करावी. फ्रिज बंद होता तितके दिवस वॉरंटी वाढवून मिळावी. दुरुस्ती न होता तक्रार बंद कशी झाली, याचा खुलासा लेखी हवा, फोनवर नको.

तोपर्यंत काही न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये तक्रार करेन. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्कही लागत नाही.

संपर्कासाठी माझा मोबाइल क्रमांक दोन्ही तक्रारींत नोंदलेला आहे. सकाळी अकरानंतर फोन केलात तर बरं.

आपली,
मेधा जोगळेकर
कोथरूड, पुणे

सोबत: बिल व वॉरंटी कार्डाची प्रत, ५ मेच्या मेसेजचा स्क्रीनशॉट, २१ मेचा ईमेल