विटिग अभिक्रिया: एकाच बेंझाल्डिहाइडपासून Z आणि E अल्कीन

प्रश्न: बेंझाल्डिहाइडची (अ) Ph₃P=CHCH₂CH₃ आणि (आ) Ph₃P=CHCO₂Et यांच्याशी अभिक्रिया केल्यास मुख्य अल्कीन कोणते मिळेल? यंत्रणा लिहा आणि भूमिती कशाने ठरते ते स्पष्ट करा.

उत्तर: (अ) मध्ये (Z)-१-फेनिलब्यूट-१-ईन, (आ) मध्ये (E)-एथिल सिनामेट. दुहेरी बंध नेमका अल्डिहाइडच्या कार्बोनिल कार्बनवरच येतो, इकडेतिकडे सरकत नाही. विटिग अभिक्रियेचे महत्त्व त्यातच आहे.

ट्रायफेनिलफॉस्फीन अल्किल हॅलाइडवर SN2 पद्धतीने हल्ला करते आणि फॉस्फोनियम क्षार मिळतो. फॉस्फरसशेजारच्या कार्बनवरचा प्रोटॉन आम्लारीने काढला की इलाइड तयार होते. (आ) मधला ऋणभार एस्टरवर पसरतो, म्हणून ते इलाइड घन स्वरूपात बाटलीत ठेवता येते. (अ) मधल्या ऋणभाराला असा आधार नाही. त्याला प्रबळ आम्लारी, कोरडे द्रावक आणि नायट्रोजन किंवा अरगॉन लागतो.

पुढचा टप्पा लिहिताना बेटाइन, म्हणजे फॉस्फरसवर धनभार आणि ऑक्सिजनवर ऋणभार असलेला मध्यस्थ, दाखवून मोकळे होण्याची सवय जुनी आहे. लिथियम क्षार नसतील तर इलाइड आणि C=O यांची थेट [२+२] जोडणी होऊन चार अणूंचे वलय, म्हणजे ऑक्साफॉस्फेटेन बनते. कमी तापमानाला ³¹P एनएमआरमध्ये ते प्रत्यक्ष दिसते, मुक्त बेटाइन दिसत नाही. तापमान वाढले की वलय फुटून अल्कीन आणि Ph₃P=O मिळतात. अतिशय मजबूत P=O बंध हीच या अभिक्रियेची चालकशक्ती.

वलय फुटताना दोन्ही कार्बनांवरचे गट आपापल्या बाजूलाच राहतात: सिस वलयापासून Z, ट्रान्स वलयापासून E. म्हणजे भूमितीचा निकाल वलय बनतानाच लागलेला असतो.

(अ) मध्ये संक्रमण अवस्था लवकर येते. फॉस्फरसभोवतीची रचना तेव्हा जवळपास चतुष्फलकीय असते आणि तिन्ही फेनिल गट अडचण करतात. अल्डिहाइडचा गट त्यांच्यापासून दूर राहावा म्हणून बनते वलय मुडपते, आणि त्या मुडपलेल्या आकारात सिस मांडणीच सोयीची ठरते. (आ) मध्ये संक्रमण अवस्था उशिरा येते आणि वलय बरेच सपाट असते. तिथे शेजारशेजारच्या गटांची टक्कर टाळायची असते. शिवाय एस्टर आणि अल्डिहाइड यांचे द्विध्रुव एकमेकांविरुद्ध तोंड करून बसतात, त्यामुळे ट्रान्स मांडणी जिंकते. ‘स्थिर इलाइडची जोडणी उलट दिशेनेही होते, म्हणून E’ हे स्पष्टीकरण सर्रास लिहिले जाते. लिथियममुक्त परिस्थितीत अल्डिहाइडच्या बाबतीत ते टिकत नाही, दोन्हीकडे नियंत्रण गतिजच असते. बेंझिल इलाइड या दोन टोकांच्या मधले, म्हणून त्यापासून बहुधा मिश्रणच पदरात पडते.

प्रयोगासाठी (अ) चे प्रमाण: प्रोपिलट्रायफेनिलफॉस्फोनियम ब्रोमाइड ४.२४ ग्रॅम (११ मिलिमोल) ४० मिलि कोरड्या टीएचएफमध्ये ढवळावे आणि ०° से. ला १ मोलर NaHMDS १०.५ मिलि घालावे. आम्लारी क्षारापेक्षा किंचित कमी ठेवली की ती मोकळी उरत नाही. अर्ध्या तासात नारिंगी रंग येतो. –७८° से. पर्यंत थंड करून नुकतेच ऊर्ध्वपातित केलेले बेंझाल्डिहाइड १.०६ ग्रॅम (१० मिलिमोल) थेंबथेंब सोडावे, मग मिश्रण हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. जुन्या बाटलीतल्या अल्डिहाइडमध्ये बेंझोइक आम्ल असते, ते इलाइड मारते. हवा शिरली तर इलाइडचे ऑक्सिडीकरण होऊन प्रोपॅनॅल बनते, त्याच्याशी उरलेले इलाइड जुळते आणि नको असलेले हेक्स-३-ईन मिळते. NaHMDS ऐवजी ब्यूटिललिथियम वापरले तर LiBr तयार होऊन Z चे प्रमाण घसरते.

उत्पादन जास्तीत जास्त १.३२ ग्रॅम, Ph₃P=O मात्र २.७८ ग्रॅम! हेक्झेनमध्ये घोटून गाळले की त्यातले बरेचसे निघून जाते, उरलेले स्तंभावर. Z:E गुणोत्तर स्तंभाआधीच्या कच्च्या मालावर काढावे, कारण शुद्धीकरणात एक समघटक मागे राहू शकतो. एथिल सिनामेटच्या ¹H एनएमआरमध्ये ६.४ आणि ७.७ पीपीएमजवळचे दुहेरी शिखर १६ हर्ट्झने फाटलेले दिसले की E; Z मध्ये हा आकडा १२–१३ असतो.

उलटी भूमिती हवी असेल तर वाट बदलावी लागते. (अ) पासून E हवे असल्यास श्लोसर पद्धत: लिथियम क्षाराच्या उपस्थितीत जोडणी करून थंडीतच फेनिललिथियमचा दुसरा समतुल्य भाग घालायचा, बनलेल्या ऑक्सिडो-इलाइडला एक समतुल्य HCl ने प्रोटॉन द्यायचा, मग KOtBu. (आ) ऐवजी Z एस्टर हवे असल्यास स्टिल–जेनारी पद्धत: ट्रायफ्लुओरोएथिल गट असलेले फॉस्फोनेट, KHMDS आणि १८-क्राउन-६, –७८° से. ला.