टॅगवरच्या सूचना मराठीत, नाशिकच्या हवेप्रमाणे

(लॅव्हेंडर, पीस लिली आणि हायड्रेंजियाच्या रोपांसोबत देण्याचा कागद)

कुंडीत खोचलेला टॅग थंड मुलखातल्या बागेसाठी लिहिलेला आहे. तिथे झाडाला धोका बर्फाचा. आपल्याकडे झाडे जातात ती एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हाने, नाहीतर आषाढ-श्रावणात मुळाशी साचलेल्या पाण्याने. म्हणून खाली शब्दाला शब्द दिलेला नाही. त्या सूचनेचा नाशकात जो अर्थ होतो तो दिला आहे.

टॅगवर 'झोन ५-९' असे आकडे दिसतील. झाड किती थंडी सोसते एवढेच ते सांगतात. उन्हाळ्याबद्दल त्यात काहीही नाही, त्यामुळे त्यांच्या भरवशावर झाडाची जागा ठरवू नका.

लॅव्हेंडर

प्रकाश: टॅगवर 'फुल सन', म्हणजे रोज किमान ६ तास ऊन. ऑक्टोबर ते फेब्रुवारी दिवसभर उघड्यावर ठेवा. मार्चपासून सकाळचे ऊन ११ वाजेपर्यंतच द्या आणि पुढे ५० टक्क्यांच्या शेडनेटखाली हलवा. पश्चिमेच्या गॅलरीत उन्हाळाभर ठेवू नका. तापलेली भिंत संध्याकाळनंतरही कुंडी भाजत राहते.

पाणी: 'दुष्काळ सोसते' हे जमिनीत मूळ धरलेल्या झाडाबद्दल आहे, ८ इंची कुंडीतल्या रोपाबद्दल नाही. तर्जनी मातीत दोन पेरे खुपसा. कोरडे लागले तर तळातून पाणी निथळेपर्यंत द्या, मग पुन्हा कोरडे होईपर्यंत थांबा. 'हिवाळ्यात पाणी कमी करा' ही ओळ आपल्याकडे पावसाळ्याला लावा: जून ते सप्टेंबर कुंडी पागोळ्यांपासून आत घ्या आणि खालची बशी काढून टाका.

माती: काळी माती नको. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. दोन घमेली लाल माती, दोन घमेली जाडी वाळू किंवा बारीक खडी आणि अर्धे घमेले गांडूळखत. शेणखताचा मारा केला तर पाने वाढतात, फुले येत नाहीत.

छाटणी: फुले संपल्यावर हिरव्या भागातच करा. तपकिरी, लाकडासारख्या झालेल्या फांदीपर्यंत कात्री गेली तर तिथून सहसा फुटवा येत नाही.

पीस लिली

प्रकाश: 'ब्राइट इनडायरेक्ट लाइट' म्हणजे दिवा न लावता पेपर वाचता येईल एवढा उजेड, पण पानावर उन्हाची तिरीप नाही. पूर्वेची खिडकी, जाळीचा पडदा लावून. अंधाऱ्या कोपऱ्यात झाड जगते, फुलत नाही.

पाणी: बोटाचे पहिले पेर कोरडे झाले की. पाने लवली म्हणून लगेच पाणी ओतू नका. आधी कुंडी उचलून पाहा. हलकी असेल तर तहान आहे. जड असूनही पाने लवली असतील तर मुळे कुजत आहेत. रोप काढून काळी, लिबलिबीत मुळे कापा आणि नव्या मिश्रणात लावा. पानांची टोके तपकिरी होत असतील तर बहुधा बोअरच्या पाण्यातले क्षार किंवा उन्हाळ्याची कोरडी हवा. पावसाचे पाणी साठवलेले असेल तर तेच द्या.

डिसेंबर-जानेवारीत रात्री उघड्या खिडकीपासून दूर ठेवा. बर्फ नसला तरी आपल्या पहाटेचा गारठा या झाडाला बाधतो. पान चावल्यास तोंडाची आग होते. रांगते मूल किंवा मांजर असेल तर उंचावर ठेवा.

हायड्रेंजिया

टॅगवरचे फूल निळे आहे. घरी गुलाबी आले तर रोप बदललेले नाही. निळा रंग आम्लधर्मी मातीतच येतो, कारण तिथे झाडाला ॲल्युमिनियम मिळते. आपली माती आणि बोअरचे पाणी बहुधा चुनखडीकडे झुकणारे, म्हणून फूल गुलाबी होते. चुना लावलेल्या भिंतीला कुंडी टेकवून ठेवू नका.

प्रकाश: 'पार्ट शेड' म्हणजे सकाळी साडेनऊ-दहापर्यंतचे कोवळे ऊन, पुढे पूर्ण सावली.

पाणी: 'ईव्हनली मॉइस्ट' याला आपला नेमका शब्द वाफसा. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, बोटाने टोचला तर फुटावा, पाणी सुटू नये. उन्हाळ्यात त्यासाठी सकाळ-संध्याकाळ पाणी लागू शकते. दुपारी पाने माना टाकतात. संध्याकाळी सावरली तर जास्तीचे पाणी देऊ नका. मातीवर दोन इंच पालापाचोळा पसरा.

माती: कोकोपीट, लाल माती आणि कुजलेले शेणखत समप्रमाणात. कोकोपीट आधी दोनदा धुऊन घ्या, त्यातले क्षार निघून जातात.

खत: तिन्ही टॅगांवर 'वसंतात खत द्या' आहे. तिकडच्या वसंतानंतर सौम्य उन्हाळा येतो, आपल्या चैत्रानंतर वैशाख. त्यामुळे खत दसऱ्यानंतर सुरू करा आणि फेब्रुवारीअखेर थांबवा. नवी कुंडी बदलायची तीही याच काळात.