विहिरीवरची मोटर: अण्णांचं पान, आता तक्त्यात

चार घरांची सामाईक विहीर, 5 एचपीची थ्री-फेज मोनोब्लॉक मोटर. ती बिघडली की काय करायचं, हे अण्णांनी एका दमात लिहून स्टार्टरच्या पेटीत चिकटवलं होतं:

> "मोटर फिरूनही पाणी येत नसेल तर सक्शनने हवा धरलेली असते, आधी पाणी भरून बघावे, तरी तेच तर फूटव्हॉल्व्हमध्ये पाचोळा अडकला असेल, मात्र उन्हाळ्यात विहीर खाली गेलेली असते हेही ध्यानात ठेवावे. लाइनमनने डीपीवर काम केल्यावर मोटर उलटी फिरते तेव्हाही पाणी कमी पडते. नुसती हूं करत असेल तर ताबडतोब बंद करावी, फेज गेलेली असते नाहीतर पंप जाम असतो. रिले सारखी पडत असेल तर व्होल्टेज बघावे, डायल वाढवू नये. ग्लँडची धार लागली तर आवळावी पण फार नाही. मोटरला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लांब राहावे."

यात चूक एकही नाही. पण रात्री दोनला पाळी असते, एका हातात बॅटरी, आणि जीव वाचवणारं वाक्य सगळ्यात शेवटी! तक्त्यात ते पहिलं घेतलंय. "पाणी येत नाही" या एका तक्रारीच्या तीन ओळी झाल्या, कारण डोळ्याला तीन वेगळ्या गोष्टी दिसतात. काकूंना वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "रिले पडली हे मला कसं कळणार?" म्हणून डाव्या रकान्यात फक्त दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच ठेवलंय.

| काय दिसतं, ऐकू येतं | बहुधा कारण | काय करायचं |
|---|---|---|
| मोटरला किंवा पाइपला हात लावल्यावर झिणझिण्या | करंट उतरलाय, अर्थिंग तुटलंय | पुन्हा हात लावू नका. कोरड्या जागी उभं राहून मेन स्विच पाडा. वायरमन येईपर्यंत बंद. |
| मोटर हूं करते, फिरत नाही | एक फेज गेली किंवा पंप जाम | लगेच बंद करा, वाइंडिंग जळतं. तीन दिव्यांपैकी एक विझला किंवा मंद असेल तर फेज गेली: लाइनमनला फोन. डीपीला आपण हात लावायचा नाही. तिन्ही दिवे ठीक असतील तर मेन पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा, मग मागचा पंखा हाताने फिरवा. फिरला नाही तर मिस्त्री. |
| दिवे लागलेत, हिरवं बटण दाबून काहीच होत नाही | रिले पडलीय | दहा मिनिटं थांबा, लाल बटण पूर्ण आत दाबा, मग हिरवं. |
| चालू होते, थोड्या वेळाने पुन्हा बंद पडते | व्होल्टेज कमी, बेअरिंग गेलं किंवा ग्लँड जास्त आवळलेली | काटा 350 च्या खाली असेल तर पाळी सोडा. व्होल्टेज ठीक असून घरघर येत असेल तर बेअरिंग. रिलेची डायल मोटरच्या पट्टीवरच्या 7.5 अँपियरवरच राहू द्या. |
| मोटर फिरते, पाण्याचा थेंब नाही | सक्शनमधलं पाणी उतरलं | बंद करून वरच्या बुचातून काठोकाठ पाणी भरा. पातळी लगेच उतरत असेल तर फूटव्हॉल्व्ह गळतोय: काढून पाचोळा साफ करा, वॉशर बघा. |
| पाणी येतं, मग फुसफुसत तुटतं | विहीर खाली गेली किंवा सक्शनचा जॉइंट हवा ओढतोय | फूटव्हॉल्व्ह निदान दोन फूट पाण्यात हवा. पाणी पंपाच्या 20-22 फूट खाली गेलं असेल तर मोटरचा दोष नाही. पाणी भरपूर असेल तर जॉइंटवर ग्रीस लिंपून बघा. फुसफुस थांबली तर तोच जॉइंट खोलायचा. |
| डीपीवर काम झाल्यापासून पाणी निम्मं | मोटर उलटी फिरतेय | फिरण्याची दिशा पंपावरच्या बाणाशी ताडून बघा. वायरमनकडून कुठल्याही दोन फेजच्या वायरी अदलाबदल करून घ्या. |
| ग्लँडमधून धार | दोरी झिजली | मोटर बंद करून दोन्ही नट सारखेच, पाव-पाव फेरा आवळा. थेंब-थेंब पडायलाच हवेत. त्यानेच शाफ्ट थंड राहतो. |

डायल वाढवण्याबद्दल अण्णांनी अर्धंच वाक्य लिहिलंय. मागे आपल्यातल्याच एकाने ती 10 वर नेली होती. मोटर त्या रात्री चालली खरी, पण सकाळी वाइंडिंगचा वास बांधापर्यंत येत होता. नाव घेत नाही, वाचणाऱ्याला कळेल.

आणि ऑटो लावलेलं असेल तर पंखा फिरवणं, ग्लँड आवळणं, बुच उघडणं, यातलं काहीही करण्याआधी फ्यूज काढाच. लाइट आली की मोटर न सांगता सुरू होते.